फुकट शिकवलं तर सेवा, पैसे घेतले तर धंदा?

"वसतिगृह हे अभ्यासाचं ठिकाण आहे, बाजार नाही." एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहातल्या रेक्टर मॅडमनी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला हे उत्तर दिलं. पुढे त्या असंही म्हणाल्या, "ज्युनियर मुलींना शिकवायचंय ना, शिकव. मेसच्या हॉलमध्ये बस, माझी हरकत नाही. पण पैसे घ्यायचे नाहीत."

या उत्तरातला पहिला भाग कुणालाही पटेल. दुसऱ्या भागात मात्र एक मोठी गफलत आहे. शिकवण्याने वसतिगृहाचं वातावरण बिघडत नाही, हे मॅडमना मान्य आहे. जागा द्यायलाही त्या तयार आहेत. त्यांना खुपतात ते फक्त पैसे. म्हणजे तीच मुलगी, तेच गणित, तोच एक तास. फुकट दिला तर ती सेवा, आणि चारशे रुपये घेतले तर तो धंदा. या हिशोबाला माझा विरोध आहे, आणि तो का आहे ते मी नीट सांगणार आहे.

आधी प्रकरण समजून घ्या. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ही मुलगी आमच्याकडे दहावीपर्यंत होती. वडील मालेगावात यंत्रमागावर काम करतात. मजुरी आठवड्याला मिळते आणि कापडाला उठाव नसला की कामाचे दिवस कमी होतात. मुलगी दुसऱ्या जिल्ह्याच्या शहरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेसचं बिल महिन्याला अठ्ठावीसशे. घरून चांगल्या महिन्यात दोन हजार येतात, मंदीत त्याहून कमी. वरचे आठशे, शिवाय मोबाईलचं रिचार्ज, झेरॉक्स, परीक्षेचा फॉर्म, घरी जायचं एसटीचं भाडं, हे सगळं कुठून आणायचं हा तिचा दर महिन्याचा प्रश्न. मुलगा असता तर संध्याकाळी एखाद्या दुकानात बसला असता, कुणाच्या घरी शिकवणीला गेला असता. मुलींच्या वसतिगृहाचं गेट सातला बंद होतं. कॉलेज आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत पाच वाजतात. म्हणजे कमवायचं असेल तर ते गेटच्या आतच. हा एवढा एक मुद्दा लक्षात घेतला तरी "बाहेर काय हवं ते कर, इथे नको" हा सल्ला किती पोकळ आहे ते कळतं.

आता गेटच्या आत तिच्याकडे विकण्यासारखं काय आहे? एक गोष्ट आहे, आणि ती शहरातल्या कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही.

त्याच वसतिगृहात अकरावी सायन्सच्या मुलीही राहतात. त्यातल्या काही उर्दू माध्यमातून आलेल्या आहेत. दहावीपर्यंत त्यांनी त्रिकोणाला मुसल्लस म्हटलं, कोनाला जाविया, समीकरणाला मुसावात. त्वरणाला त्यांच्या पुस्तकात इस्राअ होतं. अकरावीत पहिल्याच दिवशी हे सगळं इंग्रजीतून समोर येतं. ट्रँगल, अँगल, इक्वेशन, अॅक्सिलरेशन. मुलीला गणित येत नसतं असं नाही. फळ्यावरचा शब्द कोणत्या ओळखीच्या गोष्टीचा आहे, एवढंच तिला कळत नसतं. विचारायची लाज वाटते, कारण वर्गातल्या बाकीच्यांना तो शब्द माहीत असतो. पहिले तीन महिने असे जातात, सहामाहीत मार्क कोसळतात आणि मग घरी निरोप येतो की "सायन्स तिला झेपत नाही." अशा किती मुली आर्ट्सला गेलेल्या किंवा घरी परतलेल्या मी पाहिल्यात. क्लासच्या सरांना उर्दू येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पण दोन-तीन वर्षांपूर्वी याच दरीतून गेलेली एखादी बाजी शेजारच्या खोलीत असेल, तर ती नेमकं सांगू शकते की हे तुझंच जुनं इस्राअ आहे, फक्त नाव बदललंय.

माझी विद्यार्थिनी हेच करत होती. तिने एक वही केली होती, तीन रकान्यांची. पहिल्या रकान्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात चिन्ह किंवा छोटी आकृती. पहिला महिनाभर ती मुलींना गणित सोडवूच देत नसे. उदाहरण इंग्रजीत मोठ्याने वाचायचं, काय दिलंय ते एका बाजूला लिहायचं, काय काढायचंय ते दुसऱ्या बाजूला लिहायचं, एवढंच. सोडवणं दुसऱ्या महिन्यापासून. दर पंधरा दिवसांनी दहा उदाहरणांची छोटी चाचणी. चाचणीत ती उत्तर बरोबर आलं का हे नंतर बघायची, आधी बघायची ते "काय दिलंय, काय काढायचंय" हे दोन रकाने. रकाने बरोबर आणि उत्तर चूक असेल तर मुलीला सराव कमी पडतोय. रकानेच चुकले असतील तर भाषा अजून अडतेय, पुन्हा वहीकडे जायचं. मी बीएड केलेली शिक्षिका आहे. सांगते, ही पद्धत तिला कुणी शिकवलेली नाही आणि तरीही ती चोख आहे.

हे काम सुरुवातीला तिने फुकटच केलं. त्याचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण "फुकट शिकव" म्हणणारे तिथपर्यंत जातच नाहीत. फुकटच्या शिकवणीला वेळ नसते. कुणी रात्री अकराला दार ठोठावते, कुणी मेसच्या रांगेत वही पुढे करते, कुणी परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळा धडा मागते. नाही म्हटलं तर "बाजीला गर्व झाला." खोलीतल्या दुसऱ्या मुलीची झोप मोडते, तिची तक्रार रास्तच असते. शिकणाऱ्या मुली आठवड्यातून एकदा येतात, दोनदा येत नाहीत, कारण न येण्यात त्यांचं काही जात नाही. तिच्या स्वतःच्या अभ्यासाचे तास मात्र जातात. फी ठरली की वेळ ठरते, जागा ठरते, संख्या ठरते. फीमुळे शिकणारीला मागण्याचा हक्क मिळतो आणि शिकवणारीला नाही म्हणण्याचा. वसतिगृहाची शिस्त फुकटच्या शिकवणीने जास्त मोडते, हे रेक्टरांच्या लक्षात यायला हवं होतं.

तर तिने ठरवलं आणि सरळ अर्ज केला. लपून केलं नाही, हे महत्त्वाचं. पाच मुली, त्याहून जास्त नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, जेवणं झाल्यावर साडेआठ ते साडेनऊ. जागा मेसचा हॉल, खोली नाही. फी प्रत्येकी महिना चारशे. हिशोब करा. पाच गुणिले चारशे म्हणजे दोन हजार. महिन्यात साधारण बारा तास शिकवणं, आणि त्याच्या निम्मे, सहा तास, तयारी नि चाचण्या तपासणं. अठरा तासांचे दोन हजार, म्हणजे तासाला एकशे दहाच्या आसपास. यात कुणी श्रीमंत होत नाही. मेसचे आठशे भागतात आणि वर बाराशे उरतात, ज्यात फॉर्म, झेरॉक्स आणि एसटी बसते. आठवड्याला साडेचार तास ही तिच्या वेळेची किंमत. सहावी, सातवी मुलगी घेतली तर पैसे वाढतील, पण चाचण्या वाढतील, दुसरी तुकडी करावी लागेल आणि मग तिचं स्वतःचं बीएस्सी मागे पडेल. म्हणून पाच.

या अर्जावर "शिकव, पण पैसे नको" हा शेरा आला. वर तिच्या वडिलांना फोन गेला की तुमची मुलगी हॉस्टेलमध्ये धंदा करते. वडील घाबरले. मुलीला परत बोलावून घ्यायची भाषा घरात सुरू झाली. आठशे रुपयांच्या खड्ड्यातून बाहेर यायला निघालेल्या मुलीचं शिक्षणच थांबायची वेळ आली. "धंदा" हा शब्द वापरताना जरा जपून वापरावा, एवढं तरी शिकलेल्या माणसांना कळायला हवं.

आता रेक्टरांची बाजू. ती मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यात दम आहे. मला तीन आक्षेप सांगितले गेले.

पहिला, "खासगी शिकवणीला कायद्याने बंदी आहे." हे अर्धं ऐकून केलेलं विधान आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमात खासगी शिकवणीला बंदी आहे ती शिक्षकांना. म्हणजे मला आहे. माझ्या विद्यार्थिनीला नाही. पगारी शिक्षकाने वर्गात हात आखडता घेऊन घरी क्लास चालवू नये म्हणून ते कलम आहे. बीएस्सीच्या मुलीला ते लावणं म्हणजे पोलिसाला असलेला नियम वाटसरूला लावणं.

दुसरा आक्षेप, "नियमावलीत खोलीत व्यवसाय करू नये असं लिहिलंय." बरोबर, बहुतेक वसतिगृहांच्या नियमांत अशी एक ओळ असते, आणि ती पाळलीच पाहिजे. पण ती कशासाठी आहे? खोलीत बाहेरचे लोक येऊ नयेत, इंडक्शन-किटलीने विजेचा भार वाढू नये, मालाची खोकी साठू नयेत, खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या झोपेवर आणि अभ्यासावर गदा येऊ नये. साडेआठला मेसच्या रिकाम्या हॉलमध्ये त्याच वसतिगृहातल्या पाच मुलींनी गणित करणं यातल्या कशात बसतं? आणि कॅम्पसवर काम करून पैसे घेणं वाईट असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या 'कमवा व शिका' योजनेचं काय करायचं? ती योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा, बागेला पाणी घालणारा विद्यार्थी तिथे तासावर पैसे घेतो आणि आपण त्याचं कौतुक करतो. मग गणित शिकवणारीने काय घोडं मारलंय? कर्मवीरांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलं राबून शिकली, ही गोष्ट आपण वक्तृत्व स्पर्धेत सांगतो. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये मुस्लीम बोर्डिंग उभं राहिलं, त्याचा अभिमान आम्हाला आहेच. गरिबाच्या मुलाने निवासासाठी पैसा नाही म्हणून शिक्षण सोडू नये, यासाठी ही घरं उभी राहिली. त्याच परंपरेतलं वसतिगृह मुलीला म्हणतं की कष्ट कर, पण मोबदला मागू नकोस. हे कसं चालेल?

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि तो मला मान्य आहे. सीनियरने ज्युनियरकडून पैसे घेणं हे रॅगिंगचं दार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांत नव्या विद्यार्थ्याकडून पैसे उकळणं किंवा त्याच्यावर जबरदस्तीने खर्च लादणं हे रॅगिंग म्हणूनच नोंदलेलं आहे. नव्या मुलीकडून स्वतःची लेखी कामं करून घेणं, हेही त्यात आहे. वसतिगृहात सीनियरचा शब्द जड असतो. "माझ्याकडे शिकवणी लाव" ही सूचना कधी हुकूम होते ते कळत नाही. रेक्टरांना या भीतीने झोप लागत नसेल तर मी समजू शकते.

पण या भीतीवरचा उपाय "पैसे नको" हा नाही. ज्युनियरची मर्जी खरी आहे हे दिसेल अशी व्यवस्था करणं, हा उपाय आहे. ती अवघड नाही. पहिले दोन तास फुकट ठेवायचे, म्हणजे न पटलेली मुलगी काही न देता उठून जाऊ शकते. मुलीच्या आईवडिलांना आधी फोन, त्यांचा होकार आला तरच नाव वहीत. फी मुलीच्या हातून नाही, पालकांकडून थेट मोबाईलवर, म्हणजे नोंद राहते आणि "किती घेतले" यावर वाद होत नाही. फी महिना संपल्यावर, आगाऊ नाही. आगाऊ पैसे दिलेली मुलगी अडकते. महिनाअखेरीस देणारी मुलगी मधेच सोडून गेली तर नुकसान सीनियरचं होतं, आणि ते सीनियरचंच व्हायला हवं, कारण दोघींत जोर तिचा जास्त आहे. आणि या सगळ्याची एक वही रेक्टरांच्या टेबलावर. त्यांना वाटेल तेव्हा त्या पाचपैकी कुणालाही एकटीला बोलावून विचारावं, "तुला हे हवंय का?" रॅगिंग अंधारात वाढतं. नोंद, पालक आणि उजेडातला हॉल असेल तर ते कुठून वाढेल?

एक लक्ष्मणरेषा मात्र आखायलाच हवी. शिकवायचं, लिहून द्यायचं नाही. वसतिगृहात पैसे देऊन जर्नल लिहून घेणं, असाइनमेंट करून घेणं चालतं, हे सगळ्यांना माहीत आहे. एका जर्नलचे दोनशे-तीनशे मिळतात आणि शिकवण्यापेक्षा मेहनत कमी लागते. हे कमावणं नाही, ही फसवणूक आहे, आणि जी मुलगी आज दुसरीचं जर्नल लिहिते तिच्या शिकवणीच्या फीवर उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही. शिकवणी जर्नल-लेखनाकडे घसरतेय हे ओळखायची खूण सोपी आहे. मुली उदाहरण विचारायच्या थांबतात आणि "उद्या सबमिशन आहे" म्हणून यायला लागतात. त्या दिवशी वही मिटायची.

आता आपल्या माणसांकडे वळते. मॅडमपेक्षा मला जास्त त्रास आपल्या लोकांच्या बोलण्याचा झाला. मुलीच्या घरी दोन वाक्यं ऐकू आली. एक, "इल्म विकतात का कधी?" दुसरं, "मुलीच्या कमाईवर मेसचं बिल भरायचं, लोक काय म्हणतील?"

पहिल्या वाक्याला उत्तर देते. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांकडे सुटकेचे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावं आणि सुटावं, असं ठरल्याची रिवायत सीरतच्या पुस्तकांत येते. आपल्या प्रत्येक जलशात तालीमचं महत्त्व सांगताना ही गोष्ट सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही. शिकवण्याच्या मेहनतीला तिथे किंमत धरली गेली, आणि ती किंमत फिरौतीएवढी होती. जे उस्ताद मदरशात शिकवतात ते पगार घेतात, मी पगार घेते, क्लासवाले वर्षाचे हजारो रुपये घेतात आणि तेच पालक हप्ते पाडून देतात. इल्म विकू नये हे फक्त विणकराच्या मुलीच्या वाट्यालाच का आठवतं?

दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यायची मला इच्छा नाही. लोक काही म्हणत असतील तर त्यांनी महिन्याला आठशे रुपये पाठवावेत.

आता विकण्याबद्दल. कारण शिकवायला न जमणाऱ्या मुली विचारतात, "आपा, आम्ही खोलीत छोट्या वस्तू ठेवून विकल्या तर?" हल्ली मोबाईलवर उत्साही लोक पुष्कळ आहेत जे सांगतात की खोलीतूनच दुकान सुरू करा, बिझनेस करा. त्यांचं माझं पटत नाही. त्यांनी कधी असा हिशोब मांडून दाखवलेला नाही, म्हणून मी मांडते.

समजा एका मुलीने प्रॅक्टिकलच्या वह्या आणल्या. छापील किंमत पन्नास, होलसेलला बेचाळीसला मिळाली. एका वहीमागे आठ रुपये. छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. "रात्रीच्या वेळी मिळतंय म्हणून पाच रुपये जास्त" हे चालत नाही. तीस वह्या विकल्या तर दोनशे चाळीस सुटतात, त्यातून बाजारात जायचं रिक्षाभाडं ऐंशी. उरले एकशे साठ. आता वसतिगृहातला खरा रोग येतो, उधारी. "पुढच्या आठवड्यात देते गं." शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं? एक वही बुडाली तर बेचाळीस रुपये गेले. ते भरून काढायला आणखी पाच-सहा वह्या विकाव्या लागतात. तीसपैकी चार वह्या बुडाल्या तर एकशे साठातले एकशे अडुसष्ट गेले, आणि त्या चारवरचा बत्तीस रुपये नफाही. म्हणजे महिनाभर खपून खिशातूनच चाळीस गेले. वर मैत्रिणी तुटल्या ते वेगळंच. शिकवणीत असं होत नाही. एखादीने फी बुडवली तर मेहनत जाते, पण खिशातलं भांडवल जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. खोलीत माल भरून दुकान लावू नका. विकायचंच असेल तर आधी मागणी, आधी पैसे, मग माल. जुलैत प्रॅक्टिकल सुरू होताना सगळ्यांना एकाच आठवड्यात त्याच वह्या, आलेखाचे कागद, तेच कंपास लागतात. मुलींची यादी करायची, पैसे गोळा करायचे, शनिवारी एकदा जाऊन सगळं आणायचं, त्याच संध्याकाळी वाटून टाकायचं. खोलीत एक रात्रही साठा राहत नाही, त्यामुळे नियम मोडत नाही. उधारी नाही, त्यामुळे भांडवल लागत नाही. दुकानदाराचं बिल सगळ्यांना दाखवायचं आणि वहीमागचे आपले तीन-चार रुपये उघड सांगून घ्यायचे. उरलेली सूट मुलींची. त्यांना वही स्वस्तात पडते, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा याच मुलीकडे येतात. सॅनिटरी पॅडचंही असंच करता येतं, महिन्यातून एकदा, यादी करून. गेट सातला बंद होतं अशा जागी त्याची गरज काय असते हे मुलींना सांगायला नको.

शिकवणीची फी मी महिनाअखेरीस म्हटली आणि मालाचे पैसे आगाऊ. यात विसंगती वाटेल, पण नाही. शिकवणीत शिकणाऱ्या मुलीला सोडून जाण्याची मोकळीक हवी. मालात विकणारीच्या खिशातलं भांडवल वाचवायचंय. दोन्हीकडे ज्याची बाजू कमजोर त्याच्या बाजूने नियम.

आणि काय विकायचंच नाही तेही स्पष्ट असू दे. खाण्याच्या वस्तू नाहीत, कारण त्या विकायला छोट्यातल्या छोट्या विक्रेत्यालाही अन्न खात्याची नोंदणी लागते, आणि एका मुलीचं पोट बिघडलं तर सगळं अंगावर येतं. औषधं नाहीत, डोकेदुखीची गोळीसुद्धा पैसे घेऊन नाही. मुलांच्या वसतिगृहांत तंबाखू आणि सिगारेट चालतात. शिक्षण संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे आणि वसतिगृह तर संस्थेच्या आवारातच असतं. आणि पैसे उसने देऊन वर काही घेणं तर नाहीच. तो हलाल-हरामचा प्रश्न आहेच, पण वसतिगृहात तो सगळ्यांत लवकर रॅगिंगचाही प्रश्न होतो.

माझी मागणी मोठी नाही. रेक्टरांनी आणि संस्थाचालकांनी नियमावलीतली ती एक ओळ ठेवावी, खोलीत व्यवसाय नको. तिच्याखाली दुसरी ओळ लिहावी, की वसतिगृहातल्या विद्यार्थिनीला वसतिगृहातल्याच मुलींना, ठरलेल्या हॉलमध्ये, ठरलेल्या वेळी, पालकांच्या संमतीने, फी घेऊन शिकवता येईल आणि त्याची नोंद कार्यालयात राहील. संख्या पाच ठेवा, सहा ठेवा, तुम्ही ठरवा. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बंद ठेवा. शिकवणारीचे मार्क घसरले तर परवानगी काढून घ्या. हे सगळं तिला मान्य आहे, तिने अर्जात स्वतःहून लिहिलंय. फक्त तिच्या मेहनतीचे पैसे काढून घेऊन तिला सेवेचा हार घालू नका. त्या हारावर मेस चालत नाही.

मुलींनाही सांगते. परवानगी मिळेपर्यंत लपून शिकवू नका, लपून विकू नका. लपवलेल्या कामाची तक्रार कुणीही करू शकतं आणि त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला माझ्यासारखीकडे काही उरत नाही. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, नकार आला तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायचा म्हटलं की कारण द्यावं लागतं. तोंडी नकाराला कारण लागत नाही.

त्या मुलीने गेल्या आठवड्यात दुसरा अर्ज दिला, पोच घेऊन. वडिलांशी मी स्वतः बोलले, परत बोलावण्याची भाषा सध्या थांबली आहे. अकरावीच्या पाच मुलींच्या पालकांनी खाली सह्या करून लिहिलंय की फी आम्ही खुशीने देणार आहोत. त्यातल्या दोन सह्या उर्दूत आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. सहामाही परीक्षा जवळ येतेय, आणि मेसचं बिलही.